खांद्याचे दोन सूत

शीव-वांद्रे लिंक रोडवर धारावीच्या अंगाला चामड्याच्या दुकानांची रांग आहे. तिथं एका संध्याकाळी पाठोपाठच्या दोन दुकानांत दोन वाक्यं कानावर पडली. पहिल्या दुकानातला विक्रेता गिऱ्हाइकाला सांगत होता, "घट्ट वाटतंय? लेदर आहे, वापरून सैल होईल." दुसऱ्या दुकानातला म्हणत होता, "आत स्वेटर घालणार ना? मग दोन साइज मोठं घ्या." दोघंही अगदी खात्रीनं बोलत होते. प्रत्यक्ष कात्री चालवणारा माणूस यावर काय म्हणतो ते ऐकायचं म्हणून मी मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात गेले. मापं घेऊन जाकीट शिवून देणारा हा छोटा कारखाना, एका माळ्यावरचा. जिना चढतानाच रबर सोल्युशनचा उग्र, गोडसर वास नाकात शिरतो आणि घरी गेल्यावरही ओढणीला राहतो.

मास्टर पन्नाशीचे आहेत. बिहारहून लहानपणी इथं आले आणि मुंबईची मराठी सहज बोलतात. मी गेले तेव्हा नाशिकची एक बाई मुलाला घेऊन आली होती. मुलगा ऑक्टोबरात शिकायला जर्मनीला निघाला होता. आईचं म्हणणं साधं होतं. थंडीचा देश आहे, आत काहीबाही घालावं लागेल, तेव्हा जाकीट चांगलं ऐसपैस हवं.

मास्टरांनी टेप घेतला, पण छातीला लावला नाही. आधी अंगठ्यानं मुलाच्या मानेपासून खांद्यावरून चाचपत गेले आणि हाड संपतं तिथं थांबून खडूची खूण केली. दुसऱ्या खांद्यालाही तसंच. मग पाठीमागून खूण ते खूण टेप धरला. साडेसतरा इंच. छातीचं माप त्यानंतर घेतलं.

"आता स्वेटर घाला भाऊ. जो तिकडं घालणार तोच."

आईनं पिशवीतून स्वेटर काढला. स्वेटरवरून पुन्हा तीच मापं घेतली. छाती अडतीसची एकोणचाळीस झाली होती. खांदा साडेसतराचा पावणेअठरा.

"बघा ताई. छातीला एक इंच वाढला, खांद्याला दोन सूत."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच. पुढच्या तासाभरात मास्टरांनी हे 'दोन सूत' किती वेळा उच्चारले असतील! आणि सगळा मुद्दा खरोखरच त्या दोन सुतांत आहे. स्वेटर छातीला चहूबाजूंनी वेढतो, त्यामुळे त्याची जाडी घेरात सहापटीहून अधिक होऊन उतरते. चार मिलिमीटर जाडीचा स्वेटर घेर इंचभर वाढवतो. खांद्याची रुंदी मात्र हाडाची असते. तिथं दोन टोकांना लोकरीची जेवढी जाडी येईल, तेवढीच भर. तयार जाकिटात मात्र छाती दोन इंचांनी वाढली की खांदाही साधारण अर्ध्या इंचानं वाढवलेला असतो. दोन साइज मोठं घेतलं तर छातीत हवी ती जागा मिळते, पण खांदा इंचभर बाहेर जातो. हवे होते दोन सूत, मिळाले आठ.

कापडात हे खपून जातं. खांद्याची शिवण थोडी खाली उतरली तरी कापड मऊपणे पडतं. चामडं पडत नाही, उभं राहतं. हाडाच्या पुढं गेलेली शिवण बाहीच्या माथ्याशी फुगते, तिथं एक कायमची मोड येते आणि हात वर केला की सगळं जाकीट कानाकडं चढतं. उलट खांदा कमी पडला तर बगलेपासून कॉलरकडं तिरप्या रेघा ताणल्या जातात. हात पुढं आणताना पाठ अडते आणि सगळा ताण शिवणीवर येतो. चामड्यात सुईनं पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. ताण वाढत गेला की टपालाचं तिकीट फाडावं तसं चामडं त्या भोकांच्या ओळीवरून सुटतं. म्हणूनच टाके फार जवळ घालत नाहीत आणि चुकलेली शिवण उसवून बाजूला दुसरी घातली तर जुन्या भोकांची रांग सगळ्यांना दिसत राहते.

मग 'वापरून सैल होईल' हे कितपत खरं? मास्टरांनी मेंढीचं एक कातडं माझ्या हातात दिलं, मिलिमीटरहूनही पातळ. पाठीच्या कण्याच्या दिशेनं ओढलं तर ते जवळजवळ हललंच नाही. पोटाकडच्या कडेला आडवं ओढलं तेव्हा थोडं आलं. म्हणून पाठ आणि छातीचे तुकडे कण्यालगतच्या भागातून उभे कापतात आणि पोटाकडचं चामडं बगलेत किंवा आतल्या पट्टीला जातं. वापरानं कोपर मऊ होतं, पाठ किंचित सुटते, हे खरं. पण खांद्याच्या शिवणीत मास्टर आतून न ताणणारी पट्टी चिकटवतात, मुद्दाम, तिथं चामडं सुटू नये म्हणूनच. शिवाय आतलं अस्तर अजिबात ताणत नाही. म्हणजे ज्या जागी गिऱ्हाइकाला जाकीट सैल होण्याची आशा दाखवली जाते, त्याच जागी ते होऊ नये अशी तजवीज केलेली असते. ते विक्रेत्याचं वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही.

नाशिकच्या मुलाचा हिशेब असा झाला. स्वेटरवरून छाती एकोणचाळीस, त्यात श्वास आणि हालचालीसाठी चार इंच, तयार जाकीट त्रेचाळीस. आईला सेहेचाळीस हवं होतं. स्वेटरवरून माप घेतल्यावर स्वेटरसाठी पुन्हा जागा सोडायची नसते, हे मास्टरांनी तिला दोनदा सांगितलं. एवढं मोठं केलं तर चेन लावल्यावर पुढं पोकळी राहील आणि थंड वारा खालून थेट आत येईल. स्वेटरची खरी अडचण बगलेत होते, म्हणून तिथला घेर अर्धा इंच खाली उतरवला आणि दंडाला जागा दिली. बाही मनगटाच्या हाडापुढं पाऊण इंच, कारण कोपराला चुण्या पडल्या की ती तेवढी वर जाते.

पाच दिवसांनी मांजरपाटाची ट्रायल होती. चामडं कापण्याआधी मास्टर नेहमी या जाड कोऱ्या कापडात आकार शिवून बघतात, कारण तेही चामड्यासारखंच दयामाया करत नाही. मी मुद्दाम गेले. मुलानं स्वेटरवर ते घातलं, चेनच्या जागी टाचण्या लावल्या. त्याला खाली बसवलं, हात सायकलच्या हँडलवर असल्यासारखे पुढं धरायला लावले, मग स्वतःलाच मिठी मारायला सांगितलं. पाठ कुठं अडली नाही. पण सरळ उभं राहिल्यावर उजव्या बगलेतून एक तिरपी घडी मानेकडं गेली. डावीकडं नव्हती.

"दप्तर एकाच खांद्यावर घेता ना?"

मुलगा हसला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. किती? दोन सूत. मास्टरांनी त्या बाजूची खांद्याची शिवण उसवून उतार वाढवला आणि पुन्हा टाचण्या लावल्या. घडी गेली. आता उजव्या आणि डाव्या बाजूचे कागद वेगळे कापावे लागणार होते.

आईचा शेवटचा प्रश्न राहिला होता, "तिकडं अंगानं भरला तर?"

"पोटाला, छातीला भरला तर आणा ताई. बगलेखाली दोन्हीकडं पट्टी जोडून दीड-दोन इंच वाढवून देईन, रंग थोडा वेगळा दिसेल. खांद्याला मात्र काही करता येत नाही. कॉलर, बाह्या, अस्तर सगळं उसवायचं आणि भोकं तशीच राहायची. त्यापेक्षा नवीन शिवलेलं बरं."

तिनं मुलाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि त्रेचाळीसला हो म्हणाली.