ठोका आणि षड्ज : दोन गाण्यांचा सांधा

एक गाणे संपता संपता दुसरे त्यातूनच उमलावे, मध्ये खटका जाणवू नये, यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : लय आणि षड्ज. संगणकावरचे गाणी जोडणारे सॉफ्टवेअर या दोन्ही गोष्टी क्षणात सांगते. ते चुकतेही, आणि त्याच्या चुका ठरावीक वळणाच्या असतात. ते वळण ओळखण्यासाठी कोजागिरीच्या कार्यक्रमाकरिता मी जोडलेल्या दोन गाण्यांचे उदाहरण घेतो. पहिले भूपातले भावगीत, दुसरे ढोलकीवरचे लोकगीत.

लय शोधताना यंत्र तालाची मात्रा मोजत नाही. आवाजाची ताकद जिथे एकदम उसळते ते क्षण ते टिपते आणि असे क्षण किती अंतराने परत येतात हे पाहते. भावगीताला त्याने मिनिटाला ९६ ठोके दिले. ते बरोबर होते. लोकगीतापुढे मात्र पडद्यावर `204` उमटले. ढोलकीवाला प्रत्येक मात्रेच्या मधोमधही थाप मारत होता, त्यामुळे ०.२९ आणि ०.५९ सेकंद ही दोन्ही अंतरे यंत्राला सारखीच पटण्याजोगी होती. त्याने लहान अंतर निवडले. पायाने ठेका धरून अर्धा मिनिट मोजले, तर ५१ ठोके येतात. म्हणजे खरी लय १०२. दुप्पट किंवा निम्मी लय ही यंत्राची नेहमीची चूक, आणि तिच्यावर पायाइतका दुसरा उपाय नाही.

स्वराचे प्रकरण अधिक रंजक आहे. यंत्र सर्व सप्तकांतले स्वर बारा खणांत गोळा करते आणि कोणता खण किती भरला याचे चित्र चोवीस नमुन्यांशी ताडून बघते : बारा मेजर, बारा मायनर. यातले एक प्रसिद्ध नमुने कॅरोल क्रमहॅन्सल आणि एडवर्ड केसलर यांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून आले. त्यांनी श्रोत्यांना सूर ऐकवून, नंतरचा एकेक स्वर कितपत ‘बसतो’ हे विचारले होते. श्रोते पाश्चात्य संगीतात मुरलेले होते. साहजिकच नमुन्यांत त्यांचा कान आहे, आपला नाही.

आमच्या भावगीताचा षड्ज काळी एक. यंत्र म्हणाले `A#m`, म्हणजे काळी पाच मायनर. हे ऐकायला वेडगळ वाटते, पण त्यामागे कारण आहे. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. त्यांत षड्ज मिळवला की सा, ग, ध हे तीन खण काठोकाठ भरतात. आणि काळी एकच्या भूपातले हे तीन स्वर म्हणजेच काळी पाच मायनरचा मूळ कॉर्ड. मेजरकडे झुकण्यासाठी पंचम धैवतापेक्षा जड हवा होता, तो इथे नव्हता. मध्यम-निषाद तर मुळातच वर्ज्य, म्हणजे तेही पुरावे गेले. यंत्राने मूर्च्छना केली, इतकेच : भूपाच्या धैवताला सा मानले की धानीचे स्वर मिळतात. कोणते खण भरले हे त्याने अचूक सांगितले. गाणे कुठे विसावते हे त्याला कळले नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर काळी एक लावून ध्रुपदाची शेवटची जागा ऐकली की वाद मिटतो.

लोकगीताचा षड्ज पांढरी दोन, गंधार त्यातही शुद्ध. अर्ध्या स्वराचा हा फरक तसाच ठेवून दोन्ही गाणी एकावर एक आली, तर ऐकवत नाही. पण १०२ ची लय ९६ वर आणायची म्हणजे वेग सुमारे ५.९ टक्के कमी करायचा. जुन्या टेपप्रमाणे नुसता वेग उतरवला तर स्वरही उतरतो आणि अर्ध्या स्वरासाठी साधारण ५.६ टक्केच लागतात. म्हणजे लय जुळवताच पांढरी दोन जवळजवळ काळी एकवर येऊन बसली. उरलेला फरक अर्ध्या स्वराच्या विसाव्या हिश्शाएवढा; तो चालून जातो. स्वर जागेवर ठेवून केवळ वेग बदलण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण तिने थापेची धार बोथट होते. इथे ती बंद ठेवणेच शहाणपणाचे. गायकाचा आवाज थोडा जाड होतो, तेवढे सोसावे.

एक अडचण मात्र उरतेच. भावगीत जुने, वादक एकत्र बसून वाजवलेले. अंतऱ्याकडे जाताना त्याची लय किंचित चढते. ९६ ची ९६.५ झाली तरी प्रत्येक ठोक्याला तीन सहस्रांश सेकंदांचा फरक पडतो, आणि सोळा ठोक्यांत तो पन्नासच्या घरात जातो. मग दोन थापा वेगवेगळ्या ऐकू येतात, घोडा अडखळल्यासारख्या. म्हणून अशा गाण्याची सरासरी लय घेत नाही. जिथे सांधा करायचा त्याच आठ मात्रा मोजतो, सम समेवर ठेवतो आणि नवव्या मात्रेला पहिले गाणे खाली ओढतो.