न वळणारे बाण

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला एखाद्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू काढायला सांगितली की तो det(A − λI) = 0 लिहून कामाला लागतो. वर्गसमीकरण सुटतं, उत्तरं येतात 3 आणि 1. ही कशाची मापं, असं विचारलं की मात्र पेन थांबतं.

यावर उपाय एकच: बहुपदी आठवडाभर लांब ठेवायची आणि आधी आलेख कागद काढायचा.

वरच्या ओळीत 2, 1 आणि खालच्या ओळीत 1, 2 असलेली मॅट्रिक्स घेऊ. आरंभबिंदूपासून निघणारा प्रत्येक बाण ती दुसरीकडे नेते. आडवा (1, 0) हा बाण (2, 1) वर जातो, म्हणजे सुमारे 27 अंश वर वळतो. उभा (0, 1) हा (1, 2) वर जातो, तेवढाच उजवीकडे झुकतो. दोघे एकमेकांकडे वळले, तेव्हा त्यांच्या मधला एखादा बाण अजिबात वळत नसणार! तो आहे (1, 1). तो (3, 3) होतो; दिशा तीच, लांबी तिप्पट. त्याला काटकोनात असलेला (1, −1) तर जागचा हलतही नाही. हे दोन आयगेनव्हेक्टर, आणि 3 व 1 हे त्यांचे ताणाचे गुणक. कागदावर एक त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्याचं लंबवर्तुळ होतं, तेही नेमकं या दोन दिशांना धरून.

आता बहुपदी आणायला हरकत नाही. कर्णावरच्या दोन्ही आकड्यांतून 3 वजा केले की उरलेली मॅट्रिक्स (1, 1) ला शून्यावर नेते आणि अख्खं प्रतल एका रेषेत चेपून टाकते. रेषेला क्षेत्रफळ नसतं. निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट झालं याचं माप, म्हणून तो शून्य. 3 माहीत नसता तर? त्याच्या जागी λ लिहायचा: (2 − λ)² − 1 = 0. विद्यार्थ्याने सुरुवातीला सोडवलेलं समीकरण ते हेच. शेल्डन अ‍ॅक्स्लर यांनी 1995 मधल्या एका लेखात निश्चयकच अभ्यासक्रमाच्या शेवटी ढकलायला सांगितलं होतं; पहिल्या वर्षासाठी ते जरा टोकाचं वाटतं.

चित्रामुळे अडचणीच्या जागाही कळतात. 90 अंशांच्या भ्रमणात प्रत्येक बाण वळतो, म्हणून λ² + 1 = 0 ला वास्तव उत्तर नाही. चौकोनाला आडवं ढकलून तिरपं करणाऱ्या मॅट्रिक्समध्ये (λ − 1)² = 0 येतं. मूळ दोनदा मिळतं, पण न वळणारी दिशा एकच, आडवी. नुसत्या बहुपदीवरून हे समजत नाही.

तीन मितींत मात्र बाण डोळ्यांनी शोधणं कठीण. तिथे बहुपदी तिसऱ्या घाताची असते आणि तिचा आलेख शून्याची रेषा कुठेतरी ओलांडतोच. त्यामुळे एक तरी वास्तव आयगेनव्हॅल्यू हमखास मिळते. चेंडू जागच्या जागी कितीही वेळा, कोणत्याही क्रमाने फिरवला, तरी सगळ्यांची बेरीज एकाच अक्षाभोवतीचं भ्रमण असते, हे ऑयलरने 1775 मध्ये दाखवलं. तो अक्ष म्हणजे 1 या आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर.