बाळ गेलेल्या घरी काय बोलावं

माणूस गेलं की मुळशीत कुणाला काही शिकवावं लागत नाही. सावडणं, दहावा, तेरावा. कधी जायचं आणि किती वेळ बसायचं, सगळं ठरलेलं असतं. पोटातच गेलेल्या बाळाचं यातलं काहीच होत नाही, त्यामुळे भेटायला जायचा दिवसही नसतो. मग पुढे कधीतरी रस्त्यात गाठ पडते आणि तोंडाला येईल ते बोललं जातं.

समजा, पौडजवळच्या गावातली एक बाई. आठवा महिना, हालचाल थांबली, सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. घरी आल्यावर शेजारीण म्हणते, ‘तरी सांगत होते, लावणीला वाकू नकोस.’ सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ती बाई रात्रभर स्वतःचीच चूक शोधत असते. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. उशिरा बाळ दगावतं तेव्हा वारेचा बिघाड, रक्तदाब, जंतुसंसर्ग अशी कारणं निघतात आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. एसटीच्या धक्क्यांवर किंवा लावणीच्या एका दिवसावर खापर फोडायला आधार नसतो.

‘लळा लागायच्या आत गेलं, बरं झालं’ हेही नको. पाचव्या महिन्यापासून ती लाथा मोजत होती. ‘वय आहे अजून, होईल दुसरं’, ‘एक आहे ना पदरात’ यांचा अर्थ तिच्या कानी एकच पोचतो: रडू नकोस. मुलगा होता की मुलगी, हे तिने सांगितलं तरच ऐकावं.

मग म्हणावं काय? ‘बाळाचं कळलं गं. फार वाईट झालं.’ एवढं बोलून गप्प बसलं तरी चालतं. नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्यावं. दोन-अडीच महिन्यांतच गेलं असेल तर शब्द तिच्याकडून घ्यावा. ती ‘बाळ’ म्हणाली तर आपणही बाळ म्हणावं. ‘काही लागलं तर सांग’ यावर कुणी काही सांगत नाही. त्यापेक्षा ‘उद्या संध्याकाळची भाकरी-भाजी मी आणते’ म्हणावं. उशिराच्या महिन्यात बाळ गेलं तरी दोन-चार दिवसांत दूध उतरतं. ती अवघडून बसलेली दिसली तर विचारू नये, पाहुण्यांना मात्र लवकर उठवावं.

बापाला सगळे ‘वहिनी कशा आहेत?’ एवढंच विचारतात. हिंजवडीतल्या मित्राने त्याला असं लिहावं: ‘तुझ्या बाळाचं ऐकलं. वाईट वाटलं. उत्तराची घाई नाही. रविवारी येऊ का? नको असेल तर नको म्हण.’

पुढे घरात कुणाचं बारसं निघालं तर तिच्यापासून लपवू नये. जावेने आधी एकटीला गाठून सांगावं, ‘यावंसं वाटलं तर ये, नाही आलीस तरी मी सगळ्यांना सांभाळते.’