नाव न घेता थकबाकीचं परिपत्रक

मेंटेनन्स थकला की पुष्कळ सोसायट्यांमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो. लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबर, नाव आणि रकमांची यादी लागते आणि संध्याकाळपर्यंत तिचा फोटो ग्रुपवर फिरतो. त्यातून थोडे पैसे येतातही. पण यादी चुकलेली असेल तर सेक्रेटरीला जाहीर माफी मागावी लागते, आणि चुकण्याची शक्यता बरीच असते. सभासदाने ऑनलाइन पैसे भरताना फ्लॅट नंबर लिहिलेला नसतो. रक्कम सोसायटीच्या खात्यात पडते, पण हिशेबात ‘सस्पेन्स’मध्ये जाऊन बसते. बँकेत पैसे आलेत आणि बोर्डावर मात्र तो माणूस थकबाकीदार. म्हणून परिपत्रक लिहिण्याआधीचं काम म्हणजे बँकेचं स्टेटमेंट सभासदांच्या खात्यांशी ताडून पाहणं.

यादीची दुसरी अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून, किंवा देय तारखेपासून, यांतलं जे नंतरचं असेल तेव्हापासून तीन महिन्यांत पैसे न भरणारा तो थकबाकीदार. एखाद्याचे दोनच महिने राहिले असतील, तर त्याची बाकी आहे, पण तो थकबाकीदार नाही. सरसकट यादीत हा फरक पुसला जातो.

एक उदाहरण घेऊ. ४८ फ्लॅटची सोसायटी, समजण्याच्या सोयीसाठी सगळ्यांना महिन्याला ३,२०० रुपयांचं सारखंच बिल, देय तारीख दर महिन्याची १५. ऑक्टोबरच्या मध्याला हिशेब केला तेव्हा मुद्दलाची बाकी १,८८,८०० रुपये निघाली. त्यातले ५४,४०० रुपये एक-दोन महिने राहिलेल्या ९ फ्लॅटकडे आहेत आणि १,३४,४०० रुपये तीन महिन्यांहून जुने, ४ फ्लॅटकडे. कमिटीने परिपत्रक काढलं ते असं:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १५ ऑक्टोबरअखेर सोसायटीच्या मेंटेनन्सची येणे बाकी रु. १,८८,८०० आहे (व्याज वगळून). यापैकी रु. ५४,४०० ही तीन महिन्यांच्या आतील बाकी ९ सदनिकांची असून, रु. १,३४,४०० ही तीन महिन्यांवरील बाकी ४ सदनिकांची आहे. कमिटीच्या कोणत्याही सदस्याकडे बाकी नाही. या बाकीमुळे लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा दुसरा हप्ता आणि सिंकिंग फंडात वर्ग करावयाची या तिमाहीची रक्कम थांबली आहे. प्रत्येक बाकीदार सभासदास खातेउतारा बंद पाकिटात देण्यात येत आहे. उताऱ्यात चूक असल्यास ३१ ऑक्टोबरपर्यंत पावतीसह लेखी कळवावे. हप्त्यांची विनंतीही त्याच मुदतीत लेखी द्यावी. १५ नोव्हेंबरपर्यंत रक्कम न आल्यास किंवा हप्ते ठरले नसल्यास, तीन महिन्यांवरील बाकीबाबत वसुलीची कायदेशीर कार्यवाही सुरू करण्यात येईल. व्याज उपविधीनुसार लागू राहील.’

कमिटीच्या बाकीचं वाक्य बहुतेक परिपत्रकांत नसतं. माझ्या मते पाहिलं तेच असायला हवं. ज्यांना नोटीस येते त्यांच्या मनातला पहिला प्रश्न ‘यांनी स्वतः भरलेत का?’ हाच असतो. वाक्य लिहिता येत नसेल, तर आधी कमिटीने आपली पाकिटं उघडावीत. थकबाकीदार माणूस कमिटीत राहण्यास तसाही अपात्र ठरतो.

काय थांबलं आहे ते नाव घेऊन सांगणंही महत्त्वाचं. ‘सोसायटीचे आर्थिक व्यवहार अडचणीत आले आहेत’ म्हटलं की कुणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. लिफ्टचा हप्ता म्हटला की सहाव्या मजल्यावरच्या काकूंना लगेच कळतं.

एका ठिकाणी मात्र सावध राहायला हवं. समजा एक वर्षाहून जुनी बाकी एकाच फ्लॅटची आहे आणि परिपत्रकात तिचा वेगळा आकडा दिला. नाव न लिहिताही ते नाव सगळ्या जिन्याला कळेल, कारण अशा इमारतीत कोण किती दिवस बाहेरगावी आहे आणि कोणाचं कमिटीशी बिनसलंय, हे सर्वांना ठाऊक असतं. म्हणून वरच्या नमुन्यात तीन महिन्यांवरचे चारही फ्लॅट एकाच गटात ठेवले आहेत. एखाद्या गटात एक-दोनच घरं उरत असतील, तर गट एकत्र करावेत.

नावाचा हिशेब पाकिटात जातो, आणि तिथे मात्र काहीच झाकायचं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने राहिलेल्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. मुद्दल १९,२०० रुपये. आदर्श उपविधींनुसार व्याज सरळ असतं आणि दर वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सर्वसाधारण सभेने १८ टक्के ठरवला असेल तर एका बिलावर महिन्याला ४८ रुपये व्याज. १५ ऑक्टोबरला एप्रिलचं बिल सहा महिने उशिराचं, मेचं पाच, असं करत सप्टेंबरचं एक. एकूण २१ महिन्यांचं व्याज १,००८ रुपये आणि देणं २०,२०८ रुपये. पुष्कळदा सगळ्या १९,२०० वर थेट सहा महिन्यांचं व्याज लावलं जातं. ते १,७२८ होतं, म्हणजे ७२० रुपये जादा. काही ठिकाणी व्याजावरही व्याज चढतं. उताऱ्यात प्रत्येक बिलाची तारीख, मिळालेली प्रत्येक रक्कम आणि व्याजाचे दिवस दिसले, तर पैशांचं भांडण चूक सापडण्यापाशी संपतं.

‘माझ्या बाथरूमची गळती दुरुस्त करा, मग भरतो,’ हे ठरलेलं उत्तर. तक्रार खरी असू शकते. पण ती मेंटेनन्स अडवून सुटत नाही, आणि कमिटीनेही बाकी आहे म्हणून तिच्याकडे कानाडोळा करू नये. पाकिटातल्या पत्रात ‘आपल्या अमुक तारखेच्या तक्रारीची पाहणी अमुक दिवशी होईल, देणे मात्र कायम राहील’ अशी दोन वाक्यं पुरतात. व्याज माफ करायचं झालं तर कमिटीने परस्पर करू नये. दर सभेने ठरवलेला असतो, तेव्हा सवलतीचा विषयही सभेपुढेच ठेवावा, नाहीतर वेळेवर भरणारे विचारतात, ‘मग आम्ही काय वेडे?’

पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं, वॉचमनला पाहुणे अडवायला सांगणं यांपैकी काहीही परिपत्रकात नको. तसा अधिकार सोसायटीला नाही, आणि ती धमकी लेखी असेल तर पुढच्या प्रकरणात ती सोसायटीच्याच विरोधात पुरावा म्हणून येते. वसुलीचा रस्ता वेगळा आहे आणि तो चांगला बळकट आहे. १५ नोव्हेंबर उलटला की त्या चौघांपैकी उरलेल्यांना पोच घेऊन नोटीस, कमिटीचा ठराव, मग निबंधकांकडे अर्ज. हा अर्ज पूर्वी कलम १०१ खाली होत असे, गृहनिर्माण संस्थांसाठी आता कलम १५४ब-२९ आहे. तिथे सभासदालाही म्हणणं मांडता येतं. हिशेब मान्य झाला तर वसुलीचा दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. त्या अर्जात नाव, फ्लॅट नंबर आणि पैशापर्यंतचा हिशेब हे सगळं लिहावंच लागतं. इकडे नोटीस बोर्डावर दर महिन्याच्या १५ तारखेला आधीच्याच दोन ओळी नव्या आकड्यांनी लावायच्या: तीन महिन्यांच्या आत किती, तीन महिन्यांवर किती.