विश्लेषण : ‘आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात’ म्हणजे नेमके किती दिवस?

‘येत्या महिन्यापासून सर्वांनी शक्यतो आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावे.’ हायब्रिड कामाचे धोरण जाहीर करणारे बरेच ई-मेल अशाच वाक्याने सुरू होतात आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. कोणते तीन दिवस? मधे सुट्टी आली तर? आणि ‘शक्यतो’ म्हणजे यायचे की नाही? कोल्हापुरातल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने असा ई-मेल काढायचा ठरवला तर त्यात काय असावे, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

आधी खुर्च्या मोजा

समजा, कंपनीत ६० कर्मचारी आहेत आणि बसायच्या जागा ४०. सगळ्यांनी तीन दिवस यायचे तर आठवड्याला १८० जागा लागतील. पाच दिवसांच्या मिळून जागा आहेत २००. कागदावर हिशेब बसतो. पण दिवस ज्याचे त्याने निवडायचे म्हटले तर बहुतेक जण मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडतील, आणि त्या दिवशी वीस जण लॅपटॉप घेऊन जागा शोधत फिरतील. ही चूक मोठ्यांकडूनही होते. अ‍ॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी १६ सप्टेंबर २०२४ रोजी कर्मचाऱ्यांना संदेश पाठवून २ जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. हातात साडेतीन महिने होते, तरी काही शहरांत जागा अपुरी पडली आणि तिथली तारीख पुढे ढकलावी लागली.

त्यामुळे ई-मेलमध्ये दिवसांची संख्या सांगून भागत नाही, वारही सांगावे लागतात. आपल्या उदाहरणात वीस-वीस जणांचे तीन गट आहेत. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी सोमवार, मंगळवार, बुधवार यावे. चाचणी करणाऱ्यांनी सोमवार, मंगळवार, गुरुवार. ग्राहकसेवेने बुधवार, गुरुवार, शुक्रवार. कोणत्याही दिवशी ४० पेक्षा जास्त माणसे होत नाहीत. ज्यांना एकमेकांची सर्वाधिक गरज लागते, ते तयार करणारे आणि चाचणी करणारे दोन दिवस एकत्र भेटतात. तिन्ही गट एकाच दिवशी कधीच एकत्र येणार नाहीत, ही या मांडणीतली उणीव आहे. ती लपवू नये, ई-मेलमध्येच सांगावी.

मग पहिला परिच्छेद असा होतो : ‘सोमवार, १ जूनपासून प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यायचे आहे. तुमच्या गटाचे वार खाली दिले आहेत. उरलेले दोन दिवस घरून काम करता येईल.’ ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘सर्वसाधारणपणे’ हे शब्द यात नाहीत. ते आले की प्रत्येक टीम लीडर आपापला नियम काढतो.

सुट्टी आली तर?

सर्वाधिक वाद मोजणीवर होतात. समजा गुरुवारी सार्वजनिक सुट्टी आहे. ग्राहकसेवेचा एक दिवस गेला. त्याच्या बदल्यात मंगळवारी यायचे का? मंगळवारी ४० खुर्च्या आधीच भरलेल्या आहेत, म्हणजे जागेच्या हिशेबानेच उत्तर ‘नाही’ असे येते. तेव्हा नियम लिहावा : ‘तुमच्या वारी सार्वजनिक सुट्टी किंवा मंजूर रजा आली तर तो दिवस भरून काढायचा नाही.’ अर्थात मग कुणी कार्यालयाच्या दिवसांनाच रजा टाकत राहील, ही शंका येतेच. पण रजा मंजूर करणारा माणूस तिथे बसलेला आहे. त्यासाठी सगळ्यांच्या नियमात गुंता वाढवण्यात अर्थ नाही.

काही कंपन्या आठवड्याऐवजी महिना मोजतात. इन्फोसिसने ठरावीक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यात दहा दिवस कार्यालयात येणे बंधनकारक केले, आणि मार्च २०२५ पासून घरून काम करण्याचे दिवस हजेरीच्या प्रणालीतच मर्यादित केले. पुण्यात नोकरी आणि घर कोल्हापुरात अशांना महिन्याची मोजणी सोयीची पडते. दर आठवड्याला ये-जा करण्याऐवजी सलग दोन आठवडे पुण्यात राहून दिवस पूर्ण होतात. गावातल्याच छोट्या कंपनीत मात्र महिनाअखेरीला सगळे एकदम उगवण्याचा धोका असतो.

कारण खरे सांगावे

‘सहकार्याची संस्कृती वाढवण्यासाठी’ हे वाक्य वाचून कुणालाच काही कळत नाही. आपल्या कंपनीची कारणे समजा अशी आहेत : नव्याने लागलेल्या मुलांना शेजारी बसून शिकायला मिळत नाही, आणि चाचणीसाठीचे मोबाइल संच कार्यालयातच ठेवावे लागतात. मग हेच लिहावे. जागा ४० च आहेत कारण मोठे कार्यालय भाड्याने परवडत नाही, हेही लिहावे. कारण आणि नियम जुळतात का, हे कर्मचारी लगेच तपासतात. शिकवण्यासाठी बोलावले आणि शिकवणारे वरिष्ठ मात्र घरूनच स्क्रीनवर दिसले, तर ते कारण पहिल्याच आठवड्यात खोटे ठरते. म्हणून नियम वरिष्ठांनाही लागू आहे, हे वेगळ्या ओळीत लिहिलेले बरे.

सवलत कोणाला, कधी?

जॅसींच्या संदेशात सवलतींची उदाहरणे होती : मूल आजारी आहे, घरी काही तातडीचे काम निघाले आहे, ग्राहकाकडे जायचे आहे. कोल्हापूरच्या ई-मेलमध्ये आणखी एक प्रसंग लिहायलाच हवा, तो म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. ‘अतिवृष्टीच्या काळात परिस्थिती पाहून निर्णय घेतला जाईल’ असे लिहिले, तर पाणी चढत असताना शिरोळ किंवा चिखलीचा कर्मचारी फोनची वाट पाहत बसेल.

इथे मोजमाप हाताशी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात ही पातळी जाहीर होत असते. म्हणून नियम असा करता येईल : ‘पातळी ३९ फुटांवर गेली की पूरप्रवण गावांतील कर्मचाऱ्यांनी न विचारता घरून काम करावे. ४३ फुटांवर गेली की ही सवलत सर्वांना लागू.’ यात एक वाक्य हमखास राहून जाते. पूर आला की घरातली वीज आणि इंटरनेटही जाते, मग घरून काम कसे होणार? तेव्हा पुढे जोडावे : ‘वीज किंवा इंटरनेट नसल्यास तो दिवस विशेष रजा धरला जाईल, तुमच्या रजेतून कापला जाणार नाही.’

काही सवलती कायद्याकडे पाहून लिहाव्या लागतात. प्रसूती रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करू देण्याची तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तो सरसकट हक्क नाही, दोघांनी अटी ठरवायच्या असतात. त्यामुळे ई-मेलमध्ये ‘रजा संपण्याच्या महिनाभर आधी बोलावे’ एवढे तरी असावे.

बाकीच्या सवलतींसाठी अर्ज कोणाकडे करायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल आणि सवलत किती काळ टिकेल, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ : ‘मनुष्यबळ विभागाकडे अर्ज करा, तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल, सवलत तीन महिन्यांसाठी असेल आणि त्यानंतर पुन्हा पाहिली जाईल.’ मुदत नसेल तर एकाची तात्पुरती सवलत वर्षभर चालते आणि शेजारच्याच्या डोळ्यांत खुपते.

ई-मेल नियम लागू होण्याच्या महिनाभर आधी जायला हवा, कारण पाळणाघर, भाड्याची खोली, एसटीचा पास या गोष्टी एका रात्रीत होत नाहीत. पाठवल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत येणारे प्रश्न नीट पाहावेत. तोच प्रश्न तिघांनी विचारला तर चूक वाचणाऱ्यांची नसते. त्या तिघांना वेगवेगळी उत्तरे देत बसण्याऐवजी ती ओळ दुरुस्त करावी आणि ‘सुधारित’ असे लिहून, तारीख घालून तोच ई-मेल सर्वांना पुन्हा पाठवावा.