समजून घ्या : स्ट्रक्चरल ऑडिटच्या रिपोर्टमधली कोणती भेग थांबू शकते, कोणती नाही?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस पानांची पीडीएफ येते. बहुतेक जण थेट शेवटचं पान उघडतात, खर्चाचा आकडा बघतात आणि लिहितात, ‘एवढा खर्च? भेगा तर सगळ्याच इमारतींना असतात.’ वाक्य खोटं नाही. पण कोणती भेग कुठे आहे, हे त्या आकड्याच्या आधीच्या पानांवर लिहिलेलं असतं, आणि ती पानं कुणी वाचत नाही.

पाटणसारख्या गावात ती वाचणं जास्त गरजेचं आहे. एक तर इथला पाऊस. दुसरं म्हणजे भूकंप. भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या भूकंपक्षेत्रात आहे.

भेगेची जाडी बघायची की जागा?

आधी जागा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण तालुक्यातच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या. पण त्या कुठेही पडल्या नाहीत. १०३ मीटर उंचीच्या या धरणाची मागची बाजू पायापासून साधारण ६६ मीटरवर एकदम वळते, खालचा रुंद भाग संपून वरचा अरुंद भाग सुरू होतो. मुख्य भेगा त्याच पट्ट्यात आल्या. ताण जिथे गोळा होतो तिथेच काँक्रीट उघडतं. धरण टिकलं. भेगांमध्ये इपॉक्सी भरलं, पोलादी केबलने धरण ताणून बांधलं आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे आधारही दिले.

इमारतीतही असंच वाचायचं. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेषा दिसायला वाईट, पण त्या प्लास्टर सुकताना आलेल्या असतात. वीटभिंत आणि बीम जिथे भेटतात तिथली सरळ आडवी रेषही बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याची असते. यांतून पाणी आत जात नाही ना, एवढं बघायचं. रंगकामाच्या वेळी त्या भरल्या तरी चालतात.

बीमच्या मधोमध, खालून वर जाणाऱ्या केसासारख्या रेषा बीम थोडा वाकल्याच्या असतात. बारीक असतील तर काँक्रीटमध्ये त्या अपेक्षितच असतात. पण तोच बीम खांबाला टेकतो तिथे तिरकी, साधारण ४५ अंशांची भेग दिसली, तर इंजिनिअरला त्याच दिवशी फोन करायचा. अशी भेग फार आधी सूचना देत नाही. दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखी भेग असेल तर इमारत आडवी हलल्याची ती खूण असू शकते. मग त्याच मजल्यावरच्या खांबांची वरची आणि खालची टोकं प्लास्टर काढून तपासून घ्यायची.

खांबावरची उभी भेग एवढी गंभीर का?

जुन्या इमारतीत सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त वेळा पीओपीने झाकली जाणारी भेग हीच. ती सळईच्या रेषेतच धावते, कारण आतली सळई गंजलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

उदाहरणासाठी पाटणमधली १९८८ च्या सुमाराची तीन मजली इमारत धरू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण खऱ्या रिपोर्टमध्ये ते असेच दिसतात. तळमजल्याच्या एका खांबासमोर लिहिलंय : कव्हर २५ मिमी, कार्बोनेशन ३२ मिमी, सळई १६ ऐवजी १४ मिमी.

कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं पांघरूण. आजच्या मानकानुसार खांबाला ते साधारण ४० मिमी लागतं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यात सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हा गुण संपवतो, त्याला कार्बोनेशन म्हणतात. इंजिनिअर फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. निरोगी भाग गुलाबी होतो, मेलेला भाग तसाच राहतो. (बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेटखाली गुलाबी होणारं तेच हे द्रावण.) इथे पांघरूण २५, आणि रंग न आलेला भाग ३२. म्हणजे सळईचं संरक्षण संपलंय. पुढे पाणी आणि हवा मिळाली की झालं. चार महिने ओल आणि नंतर कोरडा उन्हाळा, हे चक्र गंजाला अगदी सोयीचं.

सळई १६ वरून १४ झाली, दोनच मिलिमीटर, असं वाटतं. पण ताकद जाडीवर नाही, छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ते २०१ चौरस मिलिमीटरवरून १५४ वर आलं. जवळपास २३ टक्के लोखंड गेलं.

इथे एक फसवी जागा आहे. काँक्रीटवर हातोडीसारखं उपकरण आपटून रिबाउंड हॅमरची चाचणी होते. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट कडक होतो, त्यामुळे जुन्या खांबावर आकडा चांगला दिसतो. रिपोर्टमध्ये फक्त हॅमरचेच आकडे असतील, तर कोअर का काढला नाही, हे विचारा. कोअर म्हणजे ड्रिलने काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. तो प्रयोगशाळेत दाबून फोडतात. हॅमर २४ सांगतो आणि कोअर १३ देतो, असं होऊ शकतं.

किती दिवसांत दुरुस्ती?

रिपोर्टमधली श्रेणी तेच सांगते. सी-१ म्हणजे इमारत राहण्यायोग्य नाही, लगेच रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मुख्य सांगाड्याची दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहूनच ती दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. आपला खांब एकटाच असेल तर इमारत सी-२बीमध्ये बसू शकते. तसेच पाच-सहा खांब निघाले तर चित्र बदलतं. म्हणून श्रेणीसोबत खांबांचा नकाशा मागा.

सी-२बीचा अर्थ ‘पुढच्या वर्षी बघू’ असा अनेकांनी लावलेला मी ऐकलाय. माझ्या मते गंजलेल्या खांबाच्या बाबतीत मधे आणखी एक पावसाळा जाऊ देऊ नये. भेग वाढतेय की थांबलीय, हे तुम्हालाही तपासता येतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. शेजारी एटीएम कार्ड उभं धरून फोटो काढा. कार्डाची कड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. दर महिन्याला तसाच फोटो घ्या. मात्र खांब फुगलेला दिसला, काँक्रीटचे तुकडे पडू लागले किंवा दरवाजे अचानक घासू लागले, तर महिना थांबायचं नाही. बाहेर पडायचं आणि इंजिनिअरला, नगरपंचायतीला कळवायचं.

काम सुरू झाल्यावर काय बघायचं?

क्रम. पहिल्यांदा गळती बंद, नाहीतर नवं कामही दोन-तीन वर्षांत फुगतं. मग खांब फोडण्याआधी त्याच्यावरच्या बीमला लोखंडी टेकू. फुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासून सळई चकचकीत करायची आणि तिला गंजरोधक लेप द्यायचा. जिथे लोखंड कमी झालंय तिथे जोडीला नवी सळई, आणि शेवटी मायक्रो काँक्रीट. खांब खूपच खाल्ला असेल तर चारही बाजूंनी नवं काँक्रीटचं जॅकेट. शेजारशेजारचे दोन खांब एकाच वेळी फोडायचे नाहीत.

साध्या सिमेंट-वाळूने वरवर लिंपून दिलं तर सहा महिने भिंत छान दिसते, आत गंज चालूच राहतो. म्हणून सळई उघडी असताना आणि लेप दिल्यावर, असे प्रत्येक खांबाचे दोन फोटो घेतल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल पास करू नका. रिपोर्ट देणाऱ्या इंजिनिअरने त्या दोन्ही टप्प्यांवर येऊन सही करावी, हे त्याच्या कामाच्या पत्रातच लिहून घ्या.