सरासरी काढण्याआधी वजन बघा

निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी पारावर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आज काय भाव निघाला?” उत्तर एका आकड्यात मिळतं आणि बहुतेक वेळा तो दिवसातला सर्वात वरचा आकडा असतो. लासलगावला एखाद्या ट्रॉलीला चांगला भाव मिळाला की ती बातमी सगळ्या वस्तीवर पोचते. त्याच लिलावात त्याच्या निम्म्या भावात गेलेल्या गाड्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला आठवड्याचा आवक-भाव तक्ता लागतो तो यासाठी. पुढच्या सोमवारी चाळ फोडायची की थांबायचं, हे सभासद त्या तक्त्यावरून ठरवतात. तक्ता चुकला तर नुकसान त्यांचं होतं.

तक्त्यासाठी नोंदी दोन ठिकाणांहून येतात. पहिली नोंद बाजार समितीची. तिच्यात दिवसाची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. राज्याचं कृषी पणन मंडळ रोज हे आकडे जाहीर करतं. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला सर्वात जास्त माल विकला गेला तो भाव. किमान आणि कमाल यांच्या बरोबर मधला आकडा तो नसतो. एखाद्या समितीचा सर्वसाधारण दर रोजच्या रोज अचूक मध्यावर पडत असेल, तर कुणीतरी माल न बघता बेरीज करून दोनने भागलंय असं समजावं आणि तो आकडा जपून वापरावा.

दुसरी नोंद आपल्याच सभासदांच्या पट्ट्यांची, आणि मला जास्त मोलाची वाटते ती हीच. पण पट्टी कोणती, ते नीट पाहावं लागतं. लिलावात गाडीला 1500 रुपयांची बोली लागते, मग गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथं माल खाली करताना ट्रॉलीच्या तळाचा कांदा वरच्यापेक्षा हलका निघाला की ‘वांधा’ उभा राहतो आणि कधी भाव कमी होऊनच हिशोब मिटतो. म्हणून लिलावाच्या पावतीवरचा भाव तक्त्यात घ्यायचा नाही, हिशोबपट्टीवरचा घ्यायचा. वजन काटापावतीवरून घ्यायचं. दोन आकड्यांत तफावत दिसली तर ती शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवायची. महिनाभराने त्याच रकान्यावरून कळतं की वांधा एखाद-दुसऱ्या वेळी झाला की नेहमीचाच झाला आहे.

आवकेच्या आकड्यातही एक खाच आहे. नाशिक भागात आवक पुष्कळदा ‘नगांत’ सांगतात, म्हणजे किती वाहनं आली ते. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि छोटी पिकअप दोन्ही एकेक नगच धरल्या जातात, पण ट्रॉलीत पिकअपपेक्षा बराच जास्त कांदा बसतो. नग वाढले म्हणून आवक वाढली असं धरून चालत नाही. क्विंटलचा आकडा मिळेपर्यंत तो रकाना मोकळा ठेवलेला बरा.

आता आठवड्याचा भाव काढू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल घेतो. सोमवारी 12,000 क्विंटल आवक, भाव 1500. मंगळवारी 10,000 क्विंटल, 1550. बुधवारी 8,000 क्विंटल, 1650. गुरुवारी लिलाव बंद. शुक्रवारी दोन दिवसांचा माल एकदम आला, 20,000 क्विंटल, आणि भाव 1300 वर उतरला. शनिवारी 2,000 क्विंटल, भाव 1800.

पाच भावांची बेरीज करून पाचने भागलं तर सरासरी 1560 येते. पण या हिशोबात शनिवारच्या 2,000 क्विंटलला शुक्रवारच्या 20,000 इतकंच वजन मिळतं. म्हणून रोजच्या भावाला त्या दिवशीच्या आवकेने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि ती 52,000 क्विंटलने भागायची. आवक ‘ब’ रकान्यात आणि भाव ‘क’ रकान्यात असेल, तर संगणकावरच्या तक्त्यात एवढी एकच ओळ लागते:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

उत्तर 1467 येतं. फरक 93 रुपयांचा, म्हणजे 20 क्विंटलच्या एका ट्रॉलीमागे 1860 रुपयांचा. ज्याने 1560 ऐकून गाडी भरली, त्याला व्यापाऱ्याने आपल्याला फसवलं असं वाटत राहतं. खरं तर त्याला जवळपास बाजाराचाच भाव मिळालेला असतो, चूक तक्त्यातली असते.

गुरुवारच्या ओळीत शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे बाजार उघडा होता आणि माल आला नाही. इथे तर बाजारच बंद होता. बंदनंतरचा दिवस वेगळाच असतो, त्याची तुलना करताना ते लक्षात ठेवावं लागतं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. अशा आठवड्याच्या आकड्यांखाली कारण लिहिलेलं नसेल, तर वर्षभराने तक्ता वाचणारा भलताच निष्कर्ष काढेल.

वजन धरून सरासरी काढली तरी एक मोठा चकवा उरतो. एका संस्थेच्या सभासदांचा माल धरू. मागच्या आठवड्यात त्यांनी 300 क्विंटल चांगला उन्हाळ कांदा 1500 ने विकला आणि 100 क्विंटल गोल्टी, म्हणजे बारीक माल, 1000 ने. एकूण साडेपाच लाख रुपये, सरासरी 1375. या आठवड्यात चांगल्या मालाला 1550 मिळाले आणि गोल्टीला 1050. दोन्ही भाव 50 रुपयांनी चढले. पण चाळीतून या वेळी बारीक माल जास्त निघाला, दोन्ही प्रकार 200-200 क्विंटल विकले गेले. एकूण रक्कम पाच लाख वीस हजार, सरासरी 1300.

भाव वाढला आणि सरासरी 75 रुपयांनी घसरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त सरासरी छापली तर सभासद घाबरतील आणि भाव चढत असताना उरलेला माल घाईने बाहेर काढतील. तक्ता बनवणाऱ्याच्या हातून होणारी ही सर्वात महागडी चूक, असं मी मानतो, कारण ती बेरीज तपासून सापडत नाही. बेरीज बरोबरच असते. उपाय एकच आहे. चांगला माल, गोल्टा, गोल्टी यांच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या आणि आठवड्यांची तुलना ओळीला ओळ लावून करायची. हिवाळ्याच्या तोंडाशी चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातला नवा लाल कांदा एकाच आवारात येतात, तेव्हा तर त्यांची मिळून सरासरी काढूच नये. उन्हाळ टिकतो, लाल टिकत नाही. विकणाऱ्याची घाई वेगळी, म्हणून भावाची चालही वेगळी.

बाकी तपासण्या पाच मिनिटांत होतात. सर्वसाधारण दर किमानाच्या खाली किंवा कमालाच्या वर गेला असेल तर टंकताना चूक झाली आहे. कालची ओळ आज जशीच्या तशी दिसली तर नोंद न घेता नक्कल केली आहे. एकच पट्टी बाप आणि मुलगा दोघांनीही दिली असेल तर काटापावतीचा क्रमांक दोनदा दिसतो.

हे सगळं झाल्यावर सभासदांकडे जाणारा कागद छोटाच असतो. चांगल्या मालाची आणि गोल्टीची एकेक ओळ, दोन्हींत या आठवड्याचं वजन व भाव, शेजारी मागच्या आठवड्याचे तेच आकडे. खाली शेरा: गुरुवारी लिलाव बंद होते, शुक्रवारचा 1300 हा दुप्पट आवकेचा भाव आहे, शनिवारचा 1800 फक्त 2,000 क्विंटलवर निघालेला आहे.